नफा दिसला की आधी रोकड बघा

कंपनीची आर्थिक पत्रकं वाचायला शिकताना पहिली कंपनी साधी निवडा, रंग किंवा बिस्किटं बनवणारी. बँक नको, तिचा ताळेबंद वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. नफा-तोटा पत्रकातला निव्वळ नफा आणि रोकड प्रवाह पत्रकातली ‘कामकाजातून आलेली रोकड’ शेजारी लिहा. समजा, नफा ५० कोटी, पण रोकड १२ कोटीच. मग उरलेले अडकले कुठे? ताळेबंदात ‘व्यापारी येणी’, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे, बघा. ती ४० वरून ८५ कोटींवर गेली आणि विक्री मात्र ३०० वरून ३३० कोटींवरच, म्हणजे माल उधारीवर खपवलाय. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ केलं की कळतं: वसुलीला आधी ४९ दिवस लागायचे, आता ९४. एखाद्या वर्षी असं होतं, म्हणून पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि त्याच वर्षांच्या रोकडीची बेरीज ताडून बघा.