निगेटिव्ह ग्रोथ लाल करण्याआधी सुरुवातीची किंमत बघा

एमआयएसच्या पहिल्या नोकरीत वार्षिक वाढीचा दर काढायला सांगतात तेव्हा सूत्र कुणालाच अडत नाही. शेवटची किंमत भागिले सुरुवातीची, त्याचा 1/वर्षे इतका घात, वजा 1. विक्री 2020-21 मध्ये 80 लाख आणि 2024-25 मध्ये 62 लाख असेल तर उत्तर उणे 6.17 टक्के येतं. कॉलम पाच दिसतात, पण मधली वर्षं चारच आहेत. पाच घातलीत तर उणे 4.97 येईल आणि घसरण सौम्य वाटेल. एवढं एकदा लक्षात आलं की हात बसतो.

मला खरं छळलं ते नफ्या-तोट्याच्या ओळींनी. समजा एका शाखेचा तोटा चार वर्षांत 50 लाखांवरून 200 लाखांवर गेला. उणे 200 भागिले उणे 50 म्हणजे अधिक 4, आणि दर येतो अधिक 41.42 टक्के. तोटा चौपट झाला आणि शीटवर ती शाखा सगळ्यात वेगाने वाढणारी! आता उलटं बघा. दुसऱ्या शाखेने तोटा 200 वरून 50 लाखांवर आणला, तर दर उणे 29.29 येतो आणि सुधारलेली शाखा लाल होते. एक्सेल कुठेही एरर देत नाही, म्हणून हे महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. तोट्यातून नफ्यात आलेल्या शाखेला चार वर्षांच्या हिशेबात निदान `#NUM!` तरी येतं. तेही `IFERROR` लावून शून्य करणारे सीनियर असतात. त्यांचं तयार टेम्प्लेट घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. शून्य वाढ आणि दर निघतच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, D मध्ये वर्षं असतील तर E2 मध्ये:

```
=IF(OR(B2<=0,C2<=0),"लागू नाही",(C2/B2)^(1/D2)-1)
```

आणि शेऱ्यासाठी F2 मध्ये:

```
=IF(ISNUMBER(E2),IF(E2<0,"घट",""),"तपासा")
```

`ISNUMBER` गाळू नका. एक्सेल मजकुराला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरतं, त्यामुळे नुसतं `E2<0` विचारलंत तर "लागू नाही" असलेली ओळ घट नसल्यासारखी गुपचूप सुटते.

"तपासा" आलेल्या ओळी बघून घाबरायचं कारण नाही, त्या बहुतेक मोजक्याच असतात. तिथे टक्केवारी देऊच नका. "तोटा 50 लाखांवरून 200 लाखांवर" असं सरळ लिहा. साहेब टक्केवारीच मागत बसले तर वरची दोन उदाहरणं त्यांच्यासमोर एक्सेलमध्ये करून दाखवा.