मॅनेजरच्या वरिष्ठांना लिहिण्यापूर्वी

नोकरीसाठी नव्याने परदेशात आलेली मंडळी काम अडले की बहुधा दोनपैकी एक चूक करतात. मॅनेजर दुखावतील या धास्तीने ती महिनाभर गप्प बसतात, नाहीतर वैतागून थेट त्यांच्या वरिष्ठांना मेल पाठवतात. मी दुसरी चूक केली. माझ्या मेलमध्ये ‘वारंवार विनंती करूनही’ असे तीन शब्द होते. मंजुरी त्याच दुपारी मिळाली, परंतु त्या तीन शब्दांमुळे तो मेल तक्रार ठरला आणि मॅनेजरशी पूर्वीसारखे मोकळे बोलणे व्हायला बराच काळ गेला.

समजा, वर्क परमिटच्या नूतनीकरणासाठी कंपनीचे पत्र हवे आहे, अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे आणि मॅनेजरची मंजुरी तीन आठवडे प्रलंबित आहे. अशा वेळी आणखी एक स्मरणपत्र पाठवण्याऐवजी त्यांना समक्ष विचारावे की, हा निर्णय त्यांच्या अखत्यारीत आहे की वरून यावा लागतो. पुष्कळदा तो वरूनच यावा लागतो असे निघते, कारण पुढील वर्षीच्या पदाची तरतूद वरिष्ठांनी मान्य केल्याशिवाय ते स्वतःही सही करू शकत नसतात. मग म्हणावे, “माझी मुदत जवळ आली आहे. तुमची हरकत नसेल तर आपण दोघांच्या वतीने मी वरिष्ठांना लिहू का? मसुदा आधी तुम्हाला दाखवतो.” बहुतेक मॅनेजर होकार देतात, काही जण स्वतःच लिहितो म्हणतात. तसे म्हणाले, तर कोणत्या दिवसापर्यंत लिहिणार हे तिथेच ठरवून घ्यावे. उत्तरच आले नाही, तर ‘गुरुवारी मी वरिष्ठांना लिहिणार आहे’ असे त्यांना आधी लेखी कळवावे आणि मगच लिहावे.

मेल पाच-सहा ओळींचा असावा आणि मॅनेजरचे नाव सीसीमध्ये उघडपणे असावे. बीसीसीचा मोह टाळावा, कारण तो एका ‘रिप्लाय ऑल’ने उघडा पडतो. मजकूर साधारण असा असावा: “परमिटच्या पत्राची विनंती गेल्या महिन्याच्या २४ तारखेला केली होती. पदाच्या तरतुदीस मान्यता प्रलंबित असल्याने पत्र निघालेले नाही. अर्जाची अंतिम तारीख ३० आहे. २२ तारखेपर्यंत मान्यता देता येईल का, किंवा ती अन्य कोणाकडून घ्यावी हे कळवाल का?” यात ‘मान्यता प्रलंबित आहे’ असे लिहिले आहे, ‘त्यांनी दिली नाही’ असे नाही, आणि मागणीही एकच आहे. दुसरी गाऱ्हाणी त्याच मेलमध्ये घातली की उत्तर लांबते.

उत्तर आले की पुढचा व्यवहार पुन्हा मॅनेजरमार्फतच करावा आणि आभार दोघांचेही मानावेत. मात्र छळ, थकवलेला पगार किंवा सुरक्षिततेचा प्रश्न खुद्द मॅनेजरविरुद्ध असेल, तर त्यांची संमती मागत बसू नये. ते प्रकरण सरळ एचआरकडे लेखी न्यावे.