‘बंधनकारक नाही’ हे वाक्य कुठे लिहावे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कायदा सल्लागाराच्या कार्यालयात उमेदवारी करताना मी पहिले इरादापत्र, म्हणजे अंतिम करारापूर्वी दोन्ही पक्षांचा हेतू नोंदवणारे पत्र, लिहिले. रबाळ्याचा प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा कारखाना आणि ठाण्यातील जलशुद्धीकरण यंत्रांची कंपनी मिळून फिल्टरचे नवे डबे काढता येतील का, हे चाचपून पाहत होते. पत्राच्या शेवटी मी लिहिले होते, ‘हे पत्र कोणत्याही पक्षावर बंधनकारक नाही.’ आमच्या सल्लागार मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “कारखान्याने दिलेला खर्चाचा तक्ता उद्या कंपनीने दुसऱ्या उत्पादकाला दाखवला, तर?” माझ्या वाक्याने गोपनीयतेचे कलमही निष्प्रभ केले होते.

म्हणून आम्ही वाक्य बदलले: ‘कलम 5 (गोपनीयता), कलम 6 (खर्च ज्याचा त्याने सोसणे) आणि कलम 7 (लागू कायदा व न्यायालय) वगळता या पत्रातील काहीही बंधनकारक नाही.’ नवशिक्यांनी प्रत्येक मसुद्यात हा अपवाद आधी शोधावा.

गोपनीयतेच्या कलमावर आमचा सर्वाधिक वेळ गेला. ‘सर्व माहिती गोपनीय’ असे लिहिले की नेमके काय जपायचे हेच कळत नाही. म्हणून साच्याची रेखाचित्रे, कच्च्या मालाचे दर आणि ग्राहकांची यादी असे प्रकार लिहिले, ही माहिती कोणी पाहावी हे ठरवले, आणि आधीच सार्वजनिक असलेली किंवा कायद्याने उघड करावी लागणारी माहिती वगळली. बोलणी फिसकटल्यास कागद परत द्यायचे आणि गोपनीयता त्यानंतरही 2 वर्षे पाळायची, हेही नमूद केले, कारण मुदत नसती तर इरादापत्र संपताच कलमही संपले, असा वाद घालता आला असता.

पुढील पावले तारखांनी बांधली: 10 दिवसांत कागदपत्रांची देवाणघेवाण, 30 दिवसांत नमुना डब्यांची दाबचाचणी, 45 दिवसांत कराराचा मसुदा, आणि 60 व्या दिवशी करार झाला नसेल तर पत्र आपोआप रद्द. प्रत्येक पावलापुढे जबाबदार व्यक्तीचे पद लिहिले. ‘भागीदार’ हा शब्द मात्र मॅडमनी सर्वत्र काढून ‘पक्ष’ केला आणि या पत्राने भागीदारी संस्था निर्माण होत नाही, असे वेगळे वाक्य घातले. 1932 च्या भागीदारी कायद्याने भागीदारांवर येणारे दायित्व येथे कोणालाच नको होते.

खरी कसोटी विसाव्या दिवशी लागली. कंपनीच्या खरेदी विभागाने कारखान्याला ईमेल केला, “साचा बनवायला घ्या, करार होतोच आहे.” अशा ईमेलवर काम सुरू झाले, आगाऊ रक्कम दिली गेली, तर पत्रात काहीही लिहिलेले असो, पक्षांच्या वागण्यावरून करार झाला होता असा दावा उभा राहू शकतो. आम्ही त्याच दिवशी कारखान्याला उत्तर पाठवायला लावले: ‘स्वाक्षरी झालेला करार किंवा स्वतंत्र लेखी खरेदी आदेश मिळेपर्यंत साच्याचे काम सुरू होणार नाही.’ दोन दिवसांनी कंपनीने केवळ नमुना साच्यापुरता, ठरावीक रकमेचा खरेदी आदेश पाठवला आणि दाबचाचणी ठरल्या तारखेला झाली.