‘Press Clutch to Start’: सेल्फ खोलण्याआधी क्लचखाली बघा

क्लच पूर्ण दाबलाय, बटण दाबलंय, तरी मीटरवर ‘Press clutch to start’ हेच दिसतंय आणि गाडी ढिम्म हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिली चूक करतात ती बॅटरी बदलण्याची. बॅटरी उतरली असेल तर सहसा दिवे मंदावतात, सेल्फ नुसता टकटक करतो. इथे दिवे लख्ख आहेत आणि सेल्फचा आवाजच नाही. म्हणजे क्लच दाबल्याचा निरोपच गाडीला पोचलेला नाही.

हा निरोप देतो पेडलच्या वरच्या भागाजवळचा छोटा स्विच. बऱ्याच गाड्यांत क्लच तळाला गेला की पेडलच्या दांड्यावरचं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण या स्विचची पिन दाबतं. जाड किंवा सरकलेल्या मॅटमुळे पेडल शेवटचं बोटभर खाली गेलं नाही, तरी पिन दाबली जात नाही. म्हणून आधी मॅट काढून बघा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला हेच झालं. मेकॅनिकने फोनवरच सेल्फ बदलायला सांगितलं होतं. मॅट उचलली तर खाली प्लास्टिकचे भुरभुरीत तुकडे पडलेले. टॉर्च मारून वर पाहिलं, तर दांड्यावर बटणाच्या जागी नुसतं भोक, आणि क्लच दाबला की पिन त्या भोकातून आरपार जात होती. स्विच ठणठणीत होता. भोकात चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट नटने आवळला, डोकं पिनेच्या बाजूला ठेवून. गाडी पहिल्याच बटणाला चालू झाली. दोन दिवसांनी तिथे नवं बटण बसवलं.

बटण शाबूत असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि पिन बोटाने दाबून धरा. दुसऱ्याला स्टार्टचं बटण दाबायला सांगा. आता सेल्फ फिरला तर दोष पेडलच्या बाजूला आहे. नाही फिरला तर स्विचचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. पिन दाबल्या-सोडल्याने रीडिंग बदलत नसेल तर स्विच गेला. बदलत असेल तर वायर किंवा कनेक्टर तपासा. काही गाड्यांत पेडलला दोन स्विच असतात. त्यातला क्रूझ कंट्रोलचा स्विच पाय वर असताना दाबलेला असतो, त्याच्यात गल्लत करू नका.

दुसरी चूक याच्या उलट. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, आणि लोक क्लच स्विच बदलत बसतात. साधारणपणे या स्विचचं काम सेल्फ फिरू देणं, एवढंच. सेल्फ फिरला की त्याचं काम झालं. मग इंधन, इमोबिलायझरचा दिवा आणि क्रँक सेन्सर बघा.

स्विचच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाकणं मात्र कधीच करू नका. गाडी गिअरमध्ये असताना कुणी क्लच न दाबता बटण दाबलं, तर सेल्फच्या जोरावर ती पुढे उडी घेते, आणि पार्किंगमध्ये तिच्यापुढे कुणीही उभं असू शकतं.