तापमानानुसार बदलणारी वाहकता: भट्टीच्या भिंतीचं गणित करताना या चुका टाळा

वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते: उष्णतेचा प्रवाह अचूक येतो आणि त्याच उत्तराखाली तापमानाची सरळ रेषा काढलेली असते. दोन्ही एकदम बरोबर असूच शकत नाहीत.

25 सेंमी जाडीची विटांची भिंत घ्या. आतला पृष्ठभाग 900 °C, बाहेरचा 100 °C, आणि वाहकता k = 0.8(1 + 0.001T) W/m·K, T सेल्सिअसमध्ये. तापलेल्या बाजूला k 1.52 आहे, थंड बाजूला 0.88. पहिली चूक म्हणजे यातली एकच किंमत उचलणं. गरम बाजूची घेतली तर प्रवाह 4864 W/m² येतो, थंड बाजूची घेतली तर 2816. खरं उत्तर सरासरी तापमानाच्या, म्हणजे 500 °C च्या वाहकतेवर मिळतं:

```
km = 0.8(1 + 0.5) = 1.2
q  = 1.2 × 800 / 0.25 = 3840 W/m²
```

हा अंदाज नाही. k तापमानासोबत सरळ रेषेत बदलत असेल, तर हे उत्तर तंतोतंत असतं. k च्या सूत्रात T² असेल तर मात्र दोन टोकांच्या तापमानांमध्ये k चं समाकलन करा आणि तापमानाच्या फरकाने भागा. आणखी एक सापळा: सूत्र सेल्सिअससाठी असताना 773 केल्विन घातलं, तर km 1.42 होतो आणि प्रवाह 18 टक्क्यांनी फुगतो.

आता खरी गोम. km प्रवाहासाठी आहे, आतल्या तापमानासाठी नाही. प्रवाह भिंतीत सगळीकडे सारखाच, म्हणून जिथे k मोठी तिथे तापमानाचा उतार कमी. आपल्या भिंतीत उतार गरम बाजूला 2526 K/m आणि थंड बाजूला 4364 K/m आहे. म्हणजे वक्र सरळ रेषेच्या वर फुगणार. अनेक धातूंप्रमाणे k तापमानासोबत घटत असेल, तर तो खाली झुकतो. वक्र उलटा काढला गेला आहे का, हे या दोन उतारांवरून लगेच कळतं.

पडताळा मधोमध घ्या. 1 + 0.001T चं समाकलन केलं की मिळणारी T + 0.0005T² ही राशी गरम बाजूला 1305, थंड बाजूला 105. तीच जाडीसोबत सरळ रेषेत बदलते, T नाही. मध्यावर ती 705, त्यावरून T = 552 °C. सरळ रेषा 500 सांगते.

हे 52 अंश नुसते कागदावरचे नाहीत. 600 °C च्या पुढे न टिकणारा धातूचा हुक भिंतीत बसवायचा असेल, तर सरळ रेषेने ती सीमा आतल्या पृष्ठभागापासून 9.4 सेंमीवर येते. खरी सीमा 10.9 सेंमीवर आहे. मधल्या दीड सेंमीत बसवलेला हुक 600 च्या वरच तापत राहील.