जीडीचा मेसेज पाठवताय? या चुका टाळा

प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनचा मेसेज बहुतेकदा असा जातो: ‘उद्या सकाळी ९.३० ला जीडी. सर्व कागदपत्रे आणा. फॉर्मल्स कम्पल्सरी.’ पाच मिनिटांत फोन सुरू होतात, आणि दोष उमेदवारांचा नसतो.

पहिली गफलत वेळेची. साडेनऊ ही हजेरीची वेळ की चर्चेची? समजा ४८ उमेदवार आहेत आणि आठ-आठच्या सहा बॅच. चर्चा २० मिनिटांची, बसवणं-गुण भरणं १० मिनिटांचं, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक बॅच. नोंदणीच्या टेबलावर एकाला दोन मिनिटं लागतात. सगळ्यांना साडेनऊला बोलावलं, तर रांग संपायला ९६ मिनिटं, म्हणजे ११.०६ वाजतात. पहिल्या बॅचचा एखादा मुलगा चाळिसाव्या नंबरवर उभा असला की दहाची चर्चा तिथेच रखडते. बॅचप्रमाणे बोलावलं तर आठ जणांची नोंदणी १६ मिनिटांत उरकते. म्हणून प्रत्येक बॅचला दोन वेळा द्या, दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा:

‘बॅच ३ (यादीतील क्र. १७ ते २४): हजेरी सकाळी १०.३०, मुख्य इमारत, दुसरा मजला, सेमिनार हॉलबाहेर. चर्चा ११.००. ११ नंतर प्रवेश नाही.’

यादीत क्रमांक आणि नाव पुरे. सगळ्यांचे मोबाइल नंबर त्यात टाकू नका.

‘सर्व कागदपत्रे’ वाचून कुणी दहावीपासूनची फाइल उचलून आणतो, कुणी नुसता मोबाइल. नग मोजून लिहा: रेझ्युमेच्या दोन प्रती, कॉलेजचं ओळखपत्र, आधार किंवा पॅन (मूळ), शेवटच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेची एक झेरॉक्स. मोबाइलमधला फोटो चालणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा. सकाळी झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग वाचते.

‘फॉर्मल्स’चंही तेच. फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पॅंट, बंद बूट. मुलींसाठी हेच किंवा साधा सलवार-कमीज. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज नकोत. टाय-ब्लेझर लागत नसेल तर ‘गरज नाही’ हे दोन शब्द आवर्जून लिहा, नाहीतर आदल्या रात्री मुलं भाड्याचा ब्लेझर शोधत फिरतात.

आता पाठवण्याबद्दल. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. तुमच्या स्क्रीनवर तो गेलेलाच दिसतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. तासाभराने मेसेजची माहिती उघडून तो कुणाकुणाला पोहोचला ते पाहा. राहिलेल्यांपैकी काहींचा फोन नुसता बंद असेल, पण सगळ्यांनाच सरळ फोन लावा. उत्तरही ‘ओके’ नको, ‘बॅच ३, १०.३०’ असं मागा. चुकीची बॅच वाचलेला तिथेच सापडतो.

वेळ बदलली तर ‘११ ऐवजी १२’ एवढंच टाकू नका. ते हजेरीचं की चर्चेचं, हा घोळ पुन्हा होतो. वर ‘सुधारित, आधीचा मेसेज रद्द’ लिहून अख्खा मेसेज पुन्हा पाठवा.