सोलमधलं घर शोधताना: 1000/55 म्हणजे किती?

सोलमध्ये खोली शोधताना ॲपवर `월세 1000/55` दिसलं आणि डोकंच चालेना. मग कळलं, `월세` म्हणजे मासिक भाडं आणि आकडे `만원`मध्ये, म्हणजे दहा हजार वॉनच्या पटीत असतात. डावीकडचं डिपॉझिट एक कोटी वॉन, उजवीकडचं महिन्याचं भाडं साडेपाच लाख.

खाली बारीक अक्षरात `관리비 7만` होतं, म्हणजे मेंटेनन्स सत्तर हजार. दरमहा जाणार सहा लाख वीस हजार! त्यात काय धरलंय ते उघडून बघितलं: पाणी, इंटरनेट आत, वीज, गॅस बाहेर. थंडीत खोलीची फरशी तापवायला बहुतेक गॅसच जळतो, म्हणून एजंटला आधीच्या भाडेकरूचं जानेवारीचं बिल मागितलं. मेंटेनन्स कमी दिसला की मी आता आधी हेच विचारतो.

मजल्यापुढे `저/4층` होतं. `저` म्हणजे खालचा, 4 म्हणजे इमारतीचे एकूण मजले. नेमका मजला लपवलेला! विचारल्यावर एजंट म्हणाला, "`1층`." तिथे तळमजल्यालाच `1층` म्हणतात, आपला पहिला मजला तो त्यांचा `2층`. `반지하` लिहिलं असतं तर अर्धी खोली जमिनीखाली. प्रत्यक्ष गेलो तर खिडकीबाहेर स्कूटर उभ्या. ती खोली सोडली.